जिमची मेंबरशिप लेखी रद्द करताना: पत्र, पोच आणि पैशांचा हिशेब

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका जिममध्ये 1 जून 2025 ला वर्षाची मेंबरशिप घेतली. 18,000 एकदम भरले, वर तीन महिने फ्री. पर्सनल ट्रेनिंगचे महिन्याला 3,000 यूपीआय ऑटोपेनं दर 5 तारखेला जातात. नोव्हेंबरअखेर माझी पुण्याला बदली आहे. ॲपमध्ये कॅन्सलचं बटणच नाही आणि काउंटरवर विचारलं की ‘सर आल्यावर सांगतो’. पावतीच्या मागं 30 दिवसांची नोटीस आणि ‘फी परत मिळणार नाही’ असं दोन्ही छापलंय. पत्र नेमकं कसं द्यायचं आणि किती पैसे परत मागायचे?

उत्तर:

सर कधी येतात याची वाट बघू नका. तुमचे 30 दिवस पत्र जिमला पोचल्यापासून सुरू होतात. तोंडी काय सांगितलं होतं ते नंतर कुणालाच आठवत नाही, आणि आठवलं तरी कुणी लिहून देत नाही. ॲपमध्ये बटण नसलं म्हणून मेंबरशिप रद्द करता येत नाही असं होत नाही. तुमच्या पावतीवर ‘नोटीस’ एवढंच छापलंय, तेव्हा कागदावर दिलेली नोटीस चालतेच. काळजी घ्यायची ती तीन ठिकाणी: पत्र योग्य नावानं जाणं, ते पोचल्याची तारीख हातात राहणं, आणि पैशांचा आकडा पत्रातच असणं.

आधी नाव. बोर्डावर जे झोकदार नाव असतं ते बहुतेक वेळा नुसतं दुकानाचं नाव असतं. मागं एखादा प्रोप्रायटर, भागीदारी संस्था किंवा खाजगी कंपनी असते, आणि पैसे परत देण्याची जबाबदारी त्यांची. फ्रँचायझी असेल तर घोळ वाढतो. इथला चालक म्हणतो मुंबईच्या ऑफिसला लिहा, मुंबईवाले म्हणतात पैसे कोल्हापूरच्या चालकानं घेतलेत. म्हणून पावती काढा आणि तिच्यावर जीएसटी क्रमांक आहे का बघा. पावतीवर नसेल तर जिमच्या दारात बघा. नोंदणी असलेल्या व्यावसायिकानं जीएसटीचं प्रमाणपत्र जागेवर ठळक दिसेल असं लावायचं असतं आणि क्रमांक नावाच्या पाटीवरही द्यायचा असतो. तो क्रमांक services.gst.gov.in वर करदाता शोधण्याच्या रकान्यात टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि धंदा कुठल्या स्वरूपाचा ते समोर येतं. लॉगिन लागत नाही. छोट्या जिमची नोंदणी नसेल तर यूपीआय ॲपमध्ये जुना व्यवहार उघडा. पैसे ज्या खात्यात गेले त्याचं बँकेतलं नाव तिथं दिसतं. पत्रावर ही दोन्ही नावं घाला, कायदेशीर आणि बोर्डावरचं.

हेच बघताना पर्सनल ट्रेनिंगचे पैसे कुणाच्या खात्यात जातायत तेही तपासा. पुष्कळ ठिकाणी मेंबरशिप जिमच्या खात्यावर आणि ट्रेनिंगचे पैसे ट्रेनरच्या स्वतःच्या क्यूआरवर घेतलेले असतात. मग जिम हात वर करते: ‘तो तुमचा आणि त्याचा व्यवहार.’ तुमच्या ऑटोपेत नाव ट्रेनरचं निघालं तर त्याला एक पानी वेगळं पत्र द्या आणि जिमच्या पत्रात ‘आपल्या जिममधील ट्रेनर, आपल्याच काउंटरवर ठरलेलं पॅकेज’ असा उल्लेख ठेवा. नाव जिमचंच असेल तर एकच पत्र पुरे.

आता पैशांचा हिशेब, कारण तो आधी केल्याशिवाय पत्र लिहिता येत नाही. समजा पत्र तुम्ही सोमवारी, 10 नोव्हेंबरला हातात दिलं. दिल्याचा दिवस सोडून 11 तारखेपासून मोजलं तर तिसावा दिवस 10 डिसेंबर येतो. म्हणजे मेंबरशिप 1 जून ते 10 डिसेंबर चालली असं धरायचं. ते दिवस होतात 193. वर्षाच्या 365 मधून उरले 172. अठरा हजाराला 365 नं भागलं की दिवसाला 49 रुपये 32 पैसे पडतात, आणि 172 दिवसांचे झाले 8,482 रुपये. पत्र एखादा दिवस उशिरा पोचलं तर फरक पन्नासएक रुपयांचा आहे, त्यासाठी पत्र नव्यानं लिहायची गरज नाही.

जिम हा हिशेब असा करणार नाही. त्यांच्याकडं एक महिन्याचा दर, समजा, 2,500 आहे. ते म्हणतील तुम्ही सात महिने वापरलं, सात गुणिले अडीच हजार म्हणजे 17,500, राहिले 500. वर्षाची सवलत वर्ष पूर्ण करणाऱ्याला होती, असा त्यांचा मुद्दा असतो आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण सहा महिने दहा दिवसांना सात सुटे महिने धरणं हे मात्र फुगवणं आहे. सहा महिन्यांचा माणूस सुट्या दरानं कधीच येत नाही, तो सहामाही पॅकेज घेतो. त्यांच्याच दरपत्रकात सहामाही 11,000 असेल तर तो आकडा आणि वरच्या दहा दिवसांचे त्याच दरानं सुमारे 600 धरा, वापर झाला 11,600 चा, परत मिळायला हवेत 6,400. तुमची मागणी 8,482 ची, आणि तडजोडीला बसलात तर 6,400 च्या खाली उतरायला कारण नाही. यासाठी दरपत्रकाचा फोटो आजच काढून ठेवा. पत्र गेल्यावर ते भिंतीवर असेलच याची खात्री नसते.

फ्री तीन महिन्यांचं काय? पावतीवर मुदत 31 ऑगस्ट 2026 छापली असेल तर पंधरा महिन्यांचे 457 दिवस होतात, त्यातले 264 शिल्लक, आणि त्या हिशेबानं आकडा 10,398 वर जातो. मागायला हरकत नाही, पण मी तरी पत्रात 365 चाच हिशेब ठेवेन. फुकट दिलेल्या महिन्यांचे पैसे मागितले की सगळी चर्चा तिकडंच वळते आणि मूळचे साडेआठ हजार बाजूला पडतात.

ट्रेनिंगचे 5 नोव्हेंबरला गेलेले 3,000 हे 4 डिसेंबरपर्यंतचे आहेत. पुढचा हप्ता 5 डिसेंबरला जाणार, आणि नोटीस 10 ला संपते. पावतीवरची नोटीसची अट ट्रेनिंगलाही लागू आहे असं धरलं तर मधल्या सहा दिवसांचे, म्हणजे 3,000 च्या एकतीस भागांतले सहा भाग, 581 रुपये तुमच्याकडून निघतात. ते नाकारत बसू नका. उलट पत्रातच लिहा की परताव्यातून वळते करून घ्या. तुमच्या बाजूचं देणं तुम्हीच आधी मांडलंत की ‘मेंबरनं पैसे बुडवले’ हे म्हणायला जागा उरत नाही. मागणी झाली 8,482 वजा 581, म्हणजे 7,901 रुपये.

‘जीएसटी सरकारला भरून झाला, तो कुठनं परत देणार’ हेही ऐकायला मिळेल. सेवा पूर्ण दिली गेली नाही किंवा रक्कम कमी झाली तर क्रेडिट नोट काढून तो कर समायोजित करायची सोय जीएसटी कायद्यातच आहे. तुमच्या जूनच्या बिलासाठी ती 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत काढता येते. त्यामुळं 18,000 हा करासह आकडा असेल तर परतावाही करासहच मागायचा.

पत्र असं असू द्या. हातानं लिहिलं तरी चालतं, पण एका पानात बसवा.

दिनांक: 10 नोव्हेंबर 2025

प्रति,
प्रोप्रायटर / भागीदार / संचालक,
(कायदेशीर नाव), (बोर्डावरचं नाव),
(पूर्ण पत्ता, पिनकोडसह)

विषय: मेंबरशिप क्रमांक ____ व पर्सनल ट्रेनिंग पॅकेज रद्द करणे आणि शिल्लक रक्कम परत मिळणे

महोदय,

मी 1 जून 2025 रोजी पावती क्रमांक ____ अन्वये 18,000 रुपये भरून आपल्याकडे एक वर्षाची मेंबरशिप घेतली. पर्सनल ट्रेनिंगसाठी दरमहा 3,000 रुपये यूपीआय ऑटोपेद्वारे दिले जातात.

नोकरीतील बदलीमुळे मी कोल्हापूर सोडून जात आहे. पावतीवरील अटीप्रमाणे 30 दिवसांची नोटीस देऊन मी ही मेंबरशिप व ट्रेनिंग पॅकेज या पत्राने रद्द करत आहे. दोन्हींचा शेवटचा दिवस 10 डिसेंबर 2025 राहील. त्यानंतरच्या कोणत्याही रकमेस माझी संमती नाही. ऑटोपेची परवानगी मी रद्द करत आहे.

शिल्लक 172 दिवसांचे 8,482 रुपये होतात. 5 ते 10 डिसेंबर या काळातील ट्रेनिंगचे 581 रुपये त्यातून वळते करून 7,901 रुपये ज्या खात्यातून रक्कम भरली त्याच खात्यात 10 डिसेंबर 2025 पर्यंत जमा करावेत. आपला हिशेब वेगळा असल्यास तो आकडेवारीसह 15 दिवसांत लेखी कळवावा.

मेंबरशिप फ्रीझ करणे, दुसऱ्याच्या नावे करणे किंवा मुदत वाढवणे मला मान्य नाही.

सोबत: पावतीची प्रत, बदली आदेशाची प्रत.

आपला,
(सही, नाव, मोबाइल, ईमेल, पुण्यातील पत्रव्यवहाराचा पत्ता)

यातल्या दोन-तीन गोष्टींवर थांबायला हवं. ‘रद्द करावी ही विनंती’ असं लिहायची आपल्याला सवय असते, शाळेच्या रजेच्या अर्जापासूनची. इथं ती टाळा. विनंती केली की ती मंजूर व्हायची वाट बघावी लागते, आणि सरांना मंजुरी द्यायला दोन महिने लागले तर तुमचा शेवटचा दिवस कुठला हाच वाद होतो. नोटीसची अट जिमनंच छापलीय, ती तुम्ही पाळताय, मग परवानगी कसली? विनंतीची भाषा पैशांच्या भागात हवी तर ठेवा.

फ्रीझबद्दलचं वाक्य मुद्दाम आहे. काउंटरवरचा पहिला तोडगा तोच असतो: ‘दोन-तीन महिने फ्रीझ करून ठेवतो, सुट्टीला आलात की वापरा.’ तुम्ही बरं म्हणालात की करार चालूच राहिला असा अर्थ निघतो, आणि फ्रीझ संपली की दिवस आपोआप सुरू होतात. मित्राच्या नावावर करून देणं मात्र खरोखर सोयीचं असेल तर जरूर करा, फक्त त्यासाठी वेगळी फी आहे का आणि तुमच्या जागी त्याचं नाव आल्याचं लेखी मिळतंय का बघा. जिम साखळीतली असून पुण्यात तुमच्या घराजवळ शाखा असेल आणि तिथं तीच सोय देत असतील, तर परतावा मागण्याची बाजू बरीच हलकी होते, हेही ध्यानात ठेवा.

कारण खरं तेवढंच लिहा. बदली हे तुमचं कारण आहे, जिमची चूक नाही. पत्रात उगाच ‘मशिनी बंद, स्वच्छता नाही’ भरलंत आणि आधीची एकही तक्रार नसेल तर सगळ्याच पत्राची किंमत कमी होते. खरोखर काही बंद पडलेलं असेल, ट्रेनर सोडून गेला असेल, सकाळची वेळ कमी केली असेल, तर मात्र तारखांसह दोन ओळी हव्यातच, कारण तिथं सेवेतल्या त्रुटीचा मुद्दा उभा राहतो आणि तो बदलीपेक्षा पुष्कळ भक्कम असतो. आजारपणासाठी सोडणाऱ्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘अमुक तारखेपासून जिमचा व्यायाम करू नये’ एवढं वाक्य मागून घ्यावं. रोगाचा तपशील आणि रिपोर्ट जिमला द्यायची गरज नाही.

आता पोच. पत्राच्या दोन प्रती घ्या. एक काउंटरवर द्यायची, दुसरीवर ‘पत्र मिळाले’ असं लिहून घ्यायचं, खाली नाव, सही, तारीख आणि शिक्का. शिक्का नसला तर नाव आणि सही पुरते. कोल्हापुरात ‘पोच द्या’ म्हटलं की कुणीही समजतं, पण काउंटरवरचा पोरगा ‘मला सही करायचा अधिकार नाही’ म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, त्याची नोकरी आहे. ‘सही म्हणजे मान्य केलं असं नाही, फक्त कागद मिळाला’ एवढं सांगून बघा. नाहीच म्हणाला तर पत्र ठेवून येण्यापेक्षा परत घेऊन या, आणि थेट पोस्टात जा.

खरं तर पोच मिळाली तरी त्याच दिवशी पोस्टानंही पाठवा. खर्च शंभराच्या आत बसतो. 2025 मध्ये जुनं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळं ‘रजिस्टर एडी’ मागितलं तर खिडकीवर स्पीड पोस्टच मिळेल. ‘रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट, आणि पोचपावती पण’ असं स्पष्ट सांगा. रजिस्ट्रेशनचे 5 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच जास्त पडतं, आणि पत्र त्या नावाच्या माणसालाच किंवा त्यानं नेमलेल्यालाच दिलं जातं. ओटीपी घेऊन डिलिव्हरीची सोय पण आहे. ती इथं घेऊ नका. घेणाऱ्यानं ओटीपी सांगितलाच नाही तर पत्र पोचत नाही, आणि तुम्हाला तर ते पोचायलाच हवंय.

खिडकीवर मिळालेली पावती तिथंच वाचा. नाव आणि पिनकोड बरोबर हवा. तिच्यावर वजनही छापलेलं असतं, आणि ते कामाला येतं: ‘पाकिटात कोरा कागद होता’ असं नंतर कुणी म्हटलंच, तर पत्र आणि जोडपत्रं मिळून तेवढंच वजन भरतं हे दाखवता येतं. पाकिटावरही डाव्या कोपऱ्यात ‘मेंबरशिप क्रमांक अमुक, रद्द करण्याची नोटीस’ लिहा आणि बंद करण्याआधी पत्रासह फोटो काढा. थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत पांढरी पडते, म्हणून तिची झेरॉक्स. ट्रॅकिंगचं पानही पोचल्याच्या दिवशीच पीडीएफ करून ठेवा, ते कायम दिसत राहत नाही.

पाकीट परत आलं तर घाबरू नका आणि ते फोडू नका. वरचा शेरा बघा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा म्हणजे तुमचं काम झालं. पत्ता बरोबर असताना घ्यायला नकार दिला तर कोर्टं ते पोचलंच असं धरतात. ‘दार बंद’ असेल तर जिमच्या वेळात पोस्टमन गेला नसावा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात अनेक जिम बंदच असतात, आणि इथं पत्र अडकण्याचं सगळ्यात साधं कारण हेच. अशा वेळी दुसरं पत्र प्रोप्रायटरच्या घरच्या किंवा कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. ‘पत्ता अपुरा’ असा शेरा आला तर ती चूक आपली, आणि नोटीसचे दिवस दुसऱ्या पत्रापासून मोजायची तयारी ठेवा. खाजगी कुरिअर घाईला बरं, पण पोस्टानं पाठवलेल्या पत्राच्या बाजूनं कायदा जे गृहीत धरतो ते कुरिअरला तसंच मिळत नाही.

व्हॉट्सॲप आणि ईमेलवर त्याच दिवशी पत्राची पीडीएफ टाका, ‘हे पत्र आज काउंटरवर दिलं आहे, पोस्टानंही पाठवलं आहे’ अशी एक ओळ लिहून. निळ्या टिका दिसल्या म्हणून निश्चिंत होऊ नका, त्या बंदही ठेवता येतात. उपयोग उत्तराचा होतो. ‘ओके सर, बघतो’ एवढं जरी आलं तरी पत्र मिळाल्याची कबुली झाली. ती चॅट नुसती स्क्रीनशॉटमध्ये न ठेवता एक्स्पोर्ट करून ठेवा आणि त्या नंबरवर आपोआप मेसेज पुसायची सोय चालू असेल तर ती बंद करा.

ऑटोपे कधी बंद करायचं? पत्र पोचल्यावर आणि 5 डिसेंबरच्या आधी. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऑटोपे तोडलंत आणि पत्र नंतर दिलंत तर जिमच्या वहीत तुम्ही ‘हप्ता चुकवलेला मेंबर’ होता आणि प्रवेशाचं कार्ड बंद होतं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाच्या भागात जिमचं नाव दिसेल. तिथं ‘पॉज’ आणि ‘रद्द’ असे दोन पर्याय असतात. पॉज नको, ते पुन्हा चालू होऊ शकतं. रद्द केल्यावर त्या पानावरचा मँडेट क्रमांक आणि ‘रिव्होक्ड’ असा शेरा दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. हप्ता कापण्याच्या किमान 24 तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना आली तर कुठलं तरी दुसरं मँडेट शिल्लक आहे असं समजा. एकाच जिमची दोन मँडेट निघणं काही दुर्मीळ नाही: मेंबरशिप नूतनीकरणाचं एक, ट्रेनिंगचं एक. म्हणून सगळी यादी खालपर्यंत बघा. खातं रिकामं ठेवून हप्ता परत जाऊ देणं हा मार्ग मात्र वापरू नका. पैसे नसल्यानं इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 प्रमाणं चेक न वटल्यासारखं प्रकरण होऊ शकतं, वर बँकेचा दंड वेगळा.

तुम्ही पैसे एकरकमी भरलेत म्हणून वाचलात, पण बरेच जण ‘नो कॉस्ट ईएमआय’वर मेंबरशिप घेतात. तिथं जिमला वर्षाचे पैसे फायनान्स कंपनीकडून केव्हाच मिळालेले असतात, आणि हप्ता हा कर्जाचा असतो. जिमला पत्र देऊन तो थांबत नाही. थांबवलात तर सिबिलला फटका बसतो. अशा वेळी जिमला परताव्याचं पत्र द्यायचं, त्याची प्रत कर्ज क्रमांकासह फायनान्स कंपनीला पाठवायची, आणि निकाल लागेपर्यंत हप्ते भरत राहायचे. जिमनं रक्कम कर्जदात्याकडं परत पाठवून कर्ज बंद करावं, असं पत्रात लिहून मागायचं.

क्लबचं गणित वेगळं. पोहण्याच्या टाकीसह चालणारे जुने क्लब बहुधा संस्था किंवा ट्रस्ट म्हणून नोंदलेले असतात. तिथं पत्र मानद सचिवांच्या नावे, आणि ते सभासदत्वाच्या राजीनाम्याचं. संस्थेच्या घटनेत राजीनामा कधी लागू होतो ते दिलेलं असतं. कार्यकारिणीनं स्वीकारल्यावर, की तिमाही संपल्यावर, हे आधी वाचून घ्या. नाहीतर वर्गणी चढत राहते. परत मिळणारी अनामत असेल तर तिची मूळ पावती पत्राला कधीच जोडू नका, झेरॉक्स जोडा. आणि गंगावेस, मोतीबाग यांसारख्या तालमीतल्या आखाड्यात जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. वस्तादांना सांगून निघायचं.

आता ‘फी परत मिळणार नाही’ या ओळीचं. ती छापली म्हणून विषय संपत नाही, आणि ती बेकायदा आहे म्हणून पूर्ण पैसे मिळतील असंही नाही. करार मोडल्याबद्दल दंडाची रक्कम ठरवलेली असली तरी समोरच्याला वाजवी नुकसानभरपाईच मिळते, हे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 मधलं तत्त्व आहे. तुम्ही गेल्यानं जिमचं नेमकं काय नुकसान झालं? एक जागा रिकामी झाली, जी नवा मेंबर भरतो, आणि वार्षिक सवलत वाया गेली. ती सवलत सोडायला तयार असाल तर सहामाही दराचा 6,400 चा आकडा म्हणूनच समोर ठेवायचा. निव्वळ कंटाळा आला म्हणून सोडणाऱ्याची बाजू मात्र कमजोर आहे, आणि त्याला चार महिन्यांचे पैसे परत मिळाले तरी बरं म्हणावं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र द्या. वकील लागत नाही. पहिल्या पत्राचा आणि पोचेचा दाखला द्यायचा, तीच रक्कम, आणि ‘15 दिवसांत न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन’ अशी ओळ. त्याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. त्यांना आदेश द्यायचा अधिकार नाही, पण साखळीतल्या मोठ्या जिम तिथून विचारणा गेली की हलतात. एकाच मालकाच्या जिमवर याचा परिणाम कमी होतो.

त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणं तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथंही तक्रार करता येते. म्हणजे पुण्यात गेल्यावर पुण्याच्या आयोगाकडं, e-jagriti.gov.in वरून. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तक्रार लिहिताना एक खाचखळगा आहे. ‘ही अट अन्यायकारक करार आहे’ याच मुद्द्यावर सगळी तक्रार उभी केली तर ती जिल्हा आयोगापुढं चालत नाही. अन्यायकारक कराराच्या तक्रारी कायद्यानं राज्य आयोगाकडं दिल्यात. त्यामुळं मांडणी सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा अशी करा: न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेतले, लेखी मागणीला उत्तर दिलं नाही, पावती दिली नसेल तर तेही. मागणीत 7,901, त्यावर व्याज आणि तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासाचे लाखभर लिहून आकडा फुगवू नका.

बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत. दुसऱ्या पत्रानंतर फोन येतो, ‘येऊन जा, मिटवून टाकू.’ जाताना पोच आणि हिशेबाचा कागद बरोबर न्या. तिथं एक्झिट फॉर्म पुढं करतील. त्यात खाली बारीक अक्षरात ‘माझी कोणतीही येणे बाकी नाही’ असं वाक्य असतं. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय त्यावर सही करू नका. ‘सोमवारी टाकतो, सही करून जा’ म्हणाले तर त्या वाक्यावर आडवी रेघ मारा, शेजारी ‘रुपये अमुक येणे बाकी’ लिहा आणि मग सही करा. फॉर्मचा फोटो काढून घ्या. पुढच्या तारखेचा चेक दिला तर फॉर्मवर चेक क्रमांक, बँक आणि तारीख लिहा, आणि ‘चेक वटल्यावर हिशेब पूर्ण’ असं जोडा.